फोटोखाली चार ओळी, पण वाद मिटवणाऱ्या : घरच्या सुतारकामाच्या ऑर्डरचा मजकूर कसा लिहायचा?



आपल्या गटांतल्या बऱ्याच तायांच्या घरी सुतारकाम चालतं. कुणाचे मालक करतात, कुणाचा दीर, कुणाचा मुलगा. हत्यार त्यांच्या हातात असतं, पण फोन आपल्या हातात असतो. ग्रुपवर फोटो टाकायचा, स्टेटस ठेवायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, पैशाची वही लिहायची, ही कामं हल्ली बहुतेक घरांत बाईच करते. म्हणून या अंकात आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ. फर्निचरच्या फोटोखाली जो मजकूर लिहायचा, ज्याला कॅप्शन म्हणतात, त्यात काय असायला हवं?

साधारण मजकूर असा दिसतो: "आमच्याकडे सर्व प्रकारचे फर्निचर ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल. योग्य दर. संपर्क करा." वाचायला ठीक वाटतं. पण गिऱ्हाईक ज्यावरून पुढे भांडतं, त्यातलं एकही यात नाही. माप कोण घेणार, पैसे कधी द्यायचे, वस्तू कधी मिळणार, फोटोतलं लाकूड कोणतं, सगळं मोघम. ते कसं अंगावर येतं, ते आधी एका ताईंच्या अनुभवातून बघू.

एक इंच आणि चार महिने

या ताईंचे मालक प्लायची कपाटं करतात. ताईंनी स्टेटसला कपाटाचा फोटो ठेवला, खाली वरच्यासारखाच मजकूर. शेजारच्या गावातून एका बाईंचा फोन आला. "अगदी फोटोतल्यासारखंच पाहिजे. आमच्याकडे भिंत आणि खांब यांच्या मधे जागा आहे, 4 फूट रुंद. 7 फूट उंच करा." माप फोनवरच झालं. किंमत ठरली 33,600 रुपये. कपाटाच्या दर्शनी बाजूचे 28 चौरस फूट, चौरस फुटाला 1,200 रुपये, असा हिशोब. इसार म्हणून 5,000 रुपये आले. मालासाठी लागणारे बाकीचे पैसे ताईंनी गटातून कर्ज काढून घातले.

कपाट झालं, टेम्पोत चढलं, घरी पोचलं, आणि जागेत जाईना. जागा खाली 48 इंच होती, पण वर 47. जुन्या घराची भिंत, गिलावा वर जाड झालेला. बाईंनी माप घेतलं होतं ते गुडघ्याच्या उंचीवर, शिवणाच्या टेपने. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना एकाच ठिकाणी मापून भागत नाही हे माहीत नव्हतं, इतकंच.

तयार कपाट एक इंच कमी करता येत नाही. बाजू, फळ्या, मागचा प्लाय, दारं, सगळंच खोलावं लागतं आणि चिकटवलेला सनमाईका उखडतो. बाईंनी कपाट परत पाठवलं. गावचा संबंध, म्हणून इसारही परत द्यावा लागला. चार महिने कपाट शेडमध्ये उभं राहिलं. शेवटी दुसऱ्या गिऱ्हाइकाला 25,000 रुपयांना गेलं. त्यात 19,500 रुपये मालाचेच होते. मजुरीचे 14,100 मिळायचे, तिथे हातात 5,500 आले. मधल्या काळात गटाचे दोन हप्ते थकले, आणि बैठकीत मान खाली घालून बसावं लागलं ते वेगळंच.

कारागिरी उत्तम होती. चुकलं ते बोलणं. आता हेच टाळायला मजकुरात काय लिहायचं, ते एकेक करून बघू.

माप: आम्हीच येऊन घेऊ

मजकुरातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही: "माप आम्ही स्वतः घरी येऊन घेतो. फोनवर सांगितलेल्या मापावर काम सुरू करत नाही." फोनवरचं माप अंदाजे किंमत सांगायला चालतं, प्लाय कापायला नाही.

भेटीला गेल्यावर करायचं काय? रुंदी तीन ठिकाणी मोजायची: जमिनीलगत, मधे आणि वर. उंचीही डावीकडे, मधे आणि उजवीकडे. त्यातलं सगळ्यात लहान माप धरायचं आणि त्यातूनही थोडी जागा सोडायची. आपल्या ताईंच्या बाबतीत 48 आणि 47 मधलं 47 धरून कपाट साडेसेहेचाळीस इंचाचं केलं असतं, तर ते अलगद आत गेलं असतं. बाजूला राहणारी फट लाकडी पट्टीने झाकता येते. फट झाकता येते, वाढीव इंच झाकता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग बघायची भिंत. खाली फरशीची पट्टी पुढे आलेली आहे का? कपाटामागे लाईटचा बोर्ड जाणार का? भिंतीला ओल आहे का? ओल असेल तर आधी सांगायचं, नाहीतर पावसाळ्यात मागचा प्लाय फुगतो आणि बोल कारागिराला लागतो.

तिसरी गोष्ट वाट. टेम्पोपासून खोलीपर्यंत वस्तू जाणार कशी? दार किती रुंद आहे, जिन्याला वळण आहे का, ते मापायचं. आणि छताची उंची विसरायची नाही. कपाट आडवं आत नेतात आणि मग उभं करतात. 7 फूट उंच, 2 फूट खोल कपाट उभं करताना त्याचा कोपरा 7 फूट साडेतीन इंचांपर्यंत वर जातो. छत किंवा तुळई त्याच्या खाली असेल, तर कपाट उभंच राहत नाही. अशा घरी ते दोन भागांत करायचं किंवा जागेवरच जोडायचं. हे घरी गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून तर भेट.

माप घेतलं की कागदावर साधी आकृती काढायची, मापं लिहायची, दारं कुठल्या बाजूला उघडणार आणि कप्पे किती ते लिहायचं. माप इंचात आणि सुतात लिहा. 8 सूत म्हणजे 1 इंच, हे सुताराला माहीत असतं. गिऱ्हाइकाला एकदा सांगा. कागदावर दोघांची सही घ्या आणि त्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. पुढे "मी चार कप्पे सांगितले होते" असं कुणी म्हणालं, तर आवाज चढवावा लागत नाही, कागद दाखवला की झालं.

भेटीचे पैसे घ्यावेत का? जाण्यायेण्यात अर्धा दिवस आणि पेट्रोल जातं. म्हणून 200 रुपये घ्या आणि लिहा, "ऑर्डर दिल्यास ही रक्कम बिलात वजा." ज्याला खरंच करायचं आहे त्याला याचं काही वाटत नाही. नुसती चौकशी करणारा फोनवरच थांबतो.

ॲडव्हान्स: निदान मालाइतका

इसार किती घ्यायचा, हे आपण बहुतेक वेळा संकोचाने ठरवतो. तो हिशोबाने ठरवायचा. गिऱ्हाइकाच्या मापाला कापलेला प्लाय दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहत नाही. म्हणजे काम अर्ध्यात थांबलं तर मालाचे पैसे बुडतात. म्हणून ॲडव्हान्स निदान मालाच्या खर्चाइतका हवा.

वरच्या कपाटाचंच बघा. प्लाय, सनमाईका, फेविकॉल, बिजागऱ्या, कुलूप, टेम्पोभाडं मिळून 19,500 रुपये. किंमत 33,600. अर्धे घेतले असते तर 16,800 आले असते, म्हणजे निम्मे घेऊनही मालाला 2,700 कमी पडले असते. इथे साधारण साठ टक्के, म्हणजे 20,000 घ्यायला हवे होते. हे आकडे त्या कामाचे आहेत. तुम्ही वखारीतले आणि दुकानातले आजचे भाव घालून स्वतःचा हिशोब करा. सागवानाच्या कामात मालाचा वाटा आणखी मोठा असू शकतो, तिथे ॲडव्हान्सही वाढेल.

उरलेले पैसे दोन हप्त्यांत घ्यावेत. दुसरा हप्ता वस्तू तयार झाल्यावर, शेडमधून निघायच्या आधी. गिऱ्हाइकाने येऊन बघावं, दारं उघडून पाहावीत, येता येत नसेल तर व्हिडिओवर बघावं, आणि मग 10,000 द्यावेत. शेवटची थोडी रक्कम घरी बसवून झाल्यावर. ही शेवटची रक्कम गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असते. दार घासतंय, कुलूप लागत नाही, असं काही निघालं तर ते दुरुस्त होईल याची त्याला खात्री राहते. आपल्या हिशोबात 20,000 आणि 10,000 मिळून 30,000 झाले. 3,600 राहिले, त्यातून भेटीचे 200 वजा, म्हणून शेवटी 3,400.

ऑर्डर रद्द झाली तर काय, हेही आधीच लिहा. माल आणायच्या आधी रद्द केली तर पूर्ण ॲडव्हान्स परत. माल कापल्यावर रद्द केली तर परत नाही. दोन्ही बाजू लिहिल्या की गिऱ्हाइकाला ते न्यायाचं वाटतं. नुसतं "ॲडव्हान्स परत मिळणार नाही" लिहिलं, तर नवा माणूस बिचकतो. आणि पैसे रोख आले काय, फोनवर आले काय, पावती द्यायचीच. पावतीवर तारीख, वस्तू आणि बाकी रक्कम असावी.

मुदत: कधीपासून मोजायची ते लिहा

"आठ दिवसांत देतो" हे वाक्य सुतारकामात जितकं बोललं जातं, तितकं पाळलं जात नाही. कारण आपण फक्त हाताच्या कामाचे दिवस मोजतो. कपाटाचे दिवस असे जातात: माल आणायला 2, कापायला आणि सांगाडा जोडायला 3, सनमाईका चिकटवून दाबून सुकवायला 2, दारं आणि कप्पे बसवायला 2, घरी नेऊन उभं करायला 1. झाले 10. पण हे 10 दिवस फक्त याच कामावर बसलं तर. आधीची ऑर्डर पूर्ण व्हायची असते, वीज जाते, बाजाराचा दिवस येतो, घरात कुणी आजारी पडतं. म्हणून 10 दिवसांच्या कामाला "15 ते 18 दिवस" लिहा. अठरा सांगून सोळाव्या दिवशी दिलं तर नाव होतं. आठ सांगून बाराव्या दिवशी दिलं तर फोनवर बोलणी बसतात, काम तेवढंच असूनही.

दिवस कधीपासून मोजायचे, हेही लिहायला हवं. गिऱ्हाईक पहिल्या फोनपासून मोजतं, आपण पैसे आल्यापासून. म्हणून लिहा: "माप आणि ॲडव्हान्स दोन्ही झाल्याच्या दिवसापासून." लाकडाला पॉलिश असेल तर पावसाळ्याचे दिवस वाढवून सांगा. दमट हवेत पॉलिश लवकर सुकत नाही आणि घाई केली तर त्यावर पांढुरके डाग येतात. लग्नाची ऑर्डर असेल तर लग्नाच्या निदान आठ दिवस आधीची तारीख धरा. तुळशीच्या लग्नानंतर सगळ्यांची घाई एकदम सुरू होते. तेव्हा शेडमध्ये जेवढी कामं बसतात तेवढीच घ्यायची, आणि बाकीच्यांना पुढची तारीख स्पष्ट सांगायची.

फोटो: आपलाच, आणि खरा

आता फोटो. इंटरनेटवरचा सुंदर फोटो टाकण्याचा मोह होतो. पण गिऱ्हाईक म्हणतं, "अगदी असंच पाहिजे," आणि तिथेच आपण अडकतो. आपण केलेल्या वस्तूंचेच फोटो टाका, तीन-चार असले तरी पुरेत. वस्तू घरी बसवली की दिवसाच्या उजेडात, दार-खिडकी उघडून फोटो काढा. एक समोरून पूर्ण, एक दारं उघडून आतले कप्पे दिसतील असा, एक सांध्याचा किंवा कडेचा जवळून. कडेवरून कामाची सफाई कळते. ज्यांचं घर आहे त्यांना विचारल्याशिवाय फोटो टाकू नका, आणि फोटोत त्यांची माणसं, पोरंबाळं, देवघर येऊ देऊ नका.

प्रत्येक फोटोला नंबर द्या, म्हणजे गिऱ्हाईक "ते तपकिरी कपाट" न म्हणता "फोटो 2" म्हणेल. नंबरपुढे माप, माल आणि किंमत लिहा. माल लिहिताना विशेष जपा. सागवानी रंगाचा सनमाईका फोटोत हुबेहूब सागवान दिसतो. "प्लाय, सागवानी रंगाचा सनमाईका" असं स्पष्ट लिहिलं नाही, तर वस्तू घरी गेल्यावर "तुम्ही फसवलंत" ऐकावं लागतं. किमतीच्या पुढे "या मापाची, या मालाची" हे शब्दही हवेतच, नाहीतर सहा फुटी कपाटालाही चार फुटीचाच भाव मागितला जातो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना मजकूर वेगळा न पाठवता फोटोच्या खालच्या रकान्यातच लिहा. वेगळा पाठवला तर लोक फोटो पुढे पाठवतात आणि मजकूर मागे राहतो. लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीच्या दाबल्यावर उघडतात. म्हणून वस्तू, गाव आणि फोन नंबर वर घ्या, अटी खाली. स्टेटस एका दिवसात जातं, तेव्हा मजकूर फोनमध्ये जपून ठेवा, पुन्हा लिहायला नको. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना हाच मजकूर तुमच्या आवाजात पाठवा.

सगळं मिळून मजकूर असा होतो

"मापाप्रमाणे कपाट, दिवाण, देवघर करून मिळेल. (गावाचं नाव, फोन नंबर)

फोटो 1: कपाट, 4 फूट रुंद, 7 फूट उंच, 2 फूट खोल. प्लाय, सागवानी रंगाचा सनमाईका. या मापाची, या मालाची किंमत 33,600 रुपये. माप किंवा माल बदलल्यास किंमत बदलेल. सर्व फोटो आम्ही केलेल्या कामाचे आहेत.

माप: आम्ही घरी येऊन घेतो. 15 किलोमीटरपर्यंत 200 रुपये, ऑर्डर दिल्यास बिलात वजा. फोनवरच्या मापावर काम सुरू करत नाही.

पैसे: माप झाल्यावर 20,000 ॲडव्हान्स. वस्तू तयार झाल्यावर, बघून, 10,000. घरी बसवल्यावर बाकी. प्रत्येक वेळी पावती मिळेल. माल आणण्याआधी ऑर्डर रद्द केल्यास ॲडव्हान्स परत. माल कापल्यावर परत नाही.

मुदत: माप आणि ॲडव्हान्स दोन्ही झाल्यापासून 15 ते 18 दिवस. उशीर होणार असेल तर 3 दिवस आधी कळवू."

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. उशीर आपल्याकडून कधीतरी होणारच. पण गिऱ्हाइकाने फोन करायच्या आत आपण केला, तर निम्मा राग तिथेच जातो. मात्र लिहिलंय तर पाळायचं. वहीत प्रत्येक ऑर्डरपुढे देण्याची तारीख लिहा, आणि तिच्या तीन दिवस आधीच्या तारखेला खूण करा.

मजकूर तयार झाला की टाकण्याआधी एक परीक्षा घ्या. सुतारकामाशी संबंध नसलेल्या जावेला किंवा गटातल्या मैत्रिणीला तो वाचायला द्या आणि विचारा: माप कोण घेणार? आधी किती पैसे द्यायचे? ऑर्डर रद्द केली तर काय? वस्तू कधी मिळणार? फोटोतलं कपाट कशाचं आहे? पाचही उत्तरं तिला तुम्हाला न विचारता देता आली, तर मजकूर टाका. एकाही उत्तराला ती अडली, तर ती ओळ पुन्हा लिहा, कारण गिऱ्हाईकही तिथेच अडणार आहे.

आपल्या त्या ताई आता हाच मजकूर वापरतात. चौकशीचे फोन आधीपेक्षा कमी येतात, असं त्या सांगतात. पण जे येतात ते माप घ्यायला कधी येता, एवढंच विचारतात. आणि त्यांच्या मालकांच्या खिशात आता टेपबरोबर एक पेन्सिल आणि घडी घातलेला कागद असतो, सहीसाठी.